क्षौर केलेल्या डोक्यावर चेहरा बसवताना चकाकी राखेसारखी का दिसते?

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

नमस्कार. आम्ही पाच जण मिळून एक लघुपट करीत आहोत. त्यातील एका दृश्यात वडिलांच्या दहाव्याला क्षौर केलेला मुलगा सकाळी कोलशेतच्या खाडीकाठी पायरीवर बसला आहे. तो मान खाली घालतो आणि मग उजवीकडे वळून पाहतो. शॉट सहा सेकंदांचा, म्हणजे आमच्या २५ फ्रेमच्या हिशोबाने १५० फ्रेमचा आहे. मुख्य अभिनेत्याच्या नाटकाचे प्रयोग चालू असल्यामुळे त्याला डोके भादरणे शक्य नव्हते. म्हणून टक्कल असलेल्या दुसऱ्या एका कलाकाराला बसवून आम्ही शॉट घेतला आणि त्याच्यावर मुख्य अभिनेत्याचा चेहरा बसवला. दोघांचीही लेखी संमती घेतलेली आहे आणि श्रेयनामावलीत दोघांचीही नावे येणार आहेत.

चेहऱ्याचे मॉडेल डीपफेसलॅबमध्ये `whole_face` हा प्रकार निवडून शिकवले. त्यासाठी अभिनेत्याचे वीस मिनिटांचे वेगवेगळ्या कोनांतील चित्रण वापरले. डोळे, नाक आणि ओठ समाधानकारक बसले आहेत. अडचण भुवयांच्या वरून सुरू होते. कपाळावर आडवा, किंचित तपकिरी पट्टा दिसतो. माणूस क्षौर केलेला वाटावा म्हणून मी डोक्यावर निळसर करड्या रंगाचा थर मल्टिप्लायमध्ये दिला, तर डोक्यावरची चकाकीच करडी झाली आणि कोणीतरी राख फासल्यासारखे दिसू लागले. शिवाय डोके चेहऱ्याच्या मानाने मोठे वाटते, मात्र नेमके कुठे मोठे आहे ते मला सांगता येत नाही. पुढील काम फ्यूजनमध्ये करणार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

संकलक_ऐरोली

कपाळावरचा पट्टा मास्कची कड कडक असल्यामुळे दिसतो. मास्क थोडा आत घ्या आणि त्याची कड भरपूर, म्हणजे शंभर पिक्सेलपर्यंत मऊ करा. चकाकीबद्दल सांगायचे, तर मूळ चकाकी सरळ पुसून टाका, एका स्वच्छ फ्रेमवर नवी रंगवा आणि प्लेनर ट्रॅक करून डोक्याला चिकटवा. मी जाहिरातींत गाड्यांच्या बॉनेटवर असे अनेकदा केले आहे. निळसर थराची अपारदर्शकता निम्मी केली की राख फासल्यासारखे दिसणार नाही.

घणसोलीकर

उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो. पहिली, शॉटमध्ये बसलेल्या कलाकाराला मुळातच टक्कल होते की त्याने चित्रीकरणासाठी डोके भादरले होते? दुसरी, निळसर थर तुम्ही संपूर्ण चित्रावर दिला की चकाकी बाजूला काढून तिच्याखाली दिला? या दोन उत्तरांवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

त्यांना मुळातच टक्कल आहे. वय पन्नाशीच्या पुढे, माथ्यावर केस नाहीत, कानांच्या वर आणि मागे जे होते ते त्यांनी आदल्या दिवशी वस्तऱ्याने काढले. अभिनेता चौतिशीचा आहे आणि त्याचे केस दाट आहेत. निळसर थर मी तयार चित्रावरच दिला, चकाकी वेगळी काढलेली नाही. ती वेगळी काढता येते हे मला ठाऊक नव्हते.

घणसोलीकर

मग दोष सापडला आहे. तो समजला की उपायही आपोआप सुचतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

टक्कल आणि क्षौर या दिसायला दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्कल पडलेल्या माथ्यावर केसांची मुळे क्षीण झालेली असतात, त्यामुळे त्वचेखाली काळे काही उरत नाही. असे डोके कपाळाइतकेच उन्हात रापलेले असते आणि कपाळापासून टाळूपर्यंत रंग जवळपास एकच राहतो. दाट केसांच्या माणसाने वस्तरा फिरवला, तर केस पृष्ठभागावरून जातात, पण त्यांचे खुंट त्वचेच्या आत शाबूत असतात. ते अर्धपारदर्शक त्वचेतून निळसर करडे दिसतात. नुकतीच दाढी केलेल्या गालावर दिसते तीच ही झाक. शिवाय हे डोके वर्षानुवर्षे केसांखाली झाकलेले असल्यामुळे ते कपाळापेक्षा फिकट असते. म्हणजे तुमच्या शॉटमधले डोके पन्नाशीच्या टकलाचे आहे आणि कथेला हवे आहे ते चौतिशीतल्या दाट केसांच्या माणसाचे, नुकतेच भादरलेले. प्रेक्षकाला यातले काही सांगता येणार नाही, पण हा मुलगा शोकात नसून त्याला टक्कल पडले आहे असे त्याला वाटेल. निळसर झाक द्यावी हा तुमचा विचार बरोबर होता, चुकला तो तिचा क्रम.

खुंट त्वचेच्या आत आहेत आणि चकाकी त्वचेच्या वरच्या तेलकट पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आहे. तो प्रकाश त्वचेच्या आत शिरतच नाही, म्हणून चकाकीला त्वचेचा रंग नसतो, प्रकाशाचा असतो. तुम्ही वरून गुणाकार केला तेव्हा जो प्रकाश त्वचेत गेलाच नव्हता त्यालाही करडा रंग दिला. प्रत्यक्षात करडी चकाकी राख किंवा पावडर फासल्यावरच दिसते, म्हणून तुमच्या डोळ्याला तसे वाटले आणि ते बरोबरच वाटले. अपारदर्शकता निम्मी केल्याने राख निम्मी होईल, चूक तशीच राहील.

आता चकाकी वेगळी काढण्याचा मार्ग. हे सगळे रेषीय प्रकाशात करायचे, कॅमेऱ्याच्या लॉग चित्रावर नाही. डोक्यावर जिथे अजिबात चकाकी नाही अशी जागा निवडा आणि तिथले लाल व निळे मूल्य वाचा. समजा लाल ०.३० आणि निळे ०.१२ आले, तर निळ्याचे लालाशी प्रमाण ०.४ झाले. चकाकी पांढरी असल्यामुळे ती लाल आणि निळ्यात सारखीच भर घालते. म्हणून फ्यूजनच्या `CustomTool` मध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलना हेच सूत्र द्यावे:

```
max(0, (b1 - 0.4*r1) / 0.6)
```

यातील ०.६ म्हणजे एकातून ०.४ वजा केल्यावर उरलेले. ताळा करून पाहा. चकाकीच्या मध्यभागी लाल ०.६० आणि निळे ०.४२ असेल, तर ०.४२ मधून ०.२४ वजा जाऊन ०.१८ उरतात, त्यांना ०.६ ने भागले की ०.३० येतात. म्हणजे त्या बिंदूवर चकाकी ०.३० आणि खालच्या त्वचेचे लाल ०.३०, जे चकाकी नसलेल्या जागेशी जुळते. ही चकाकी मूळ चित्रातून वजा करा. उरलेल्या मॅट त्वचेवर चेहऱ्याची जोडणी, झाक, फिकटपणा हे सर्व काम पूर्ण करा आणि चकाकी सर्वांत शेवटी वरून मिळवा. मल्टिप्लाय खाली राहील आणि बेरीज वर.

मर्यादाही सांगून ठेवतो. जिथे लाल चॅनेल जळून पांढरा झाला आहे तिथे हे गणित चालत नाही, कारण तिथे मोजण्यासारखे काही उरलेले नसते. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाशी जुळवलेला असेल, तर डोक्याच्या सावलीकडच्या बाजूवर पडणारी आकाशाची निळी चकाकी सूत्राला खऱ्यापेक्षा जास्त वाटेल.

रंगपेटी (नौपाडा)

मी रंगभूषाकार आहे. पुढच्या वेळी बाल्ड कॅपचा विचार जरूर करावा, कारण अभिनेता स्वतः बसला असता तर चेहरा बसवण्याची वेळच आली नसती.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

ताई, विचार केला होता. त्याचे केस खांद्यापर्यंत आहेत. ते कॅपखाली बसवल्यावर डोके फारच मोठे दिसत होते आणि जवळच्या शॉटमध्ये कपाळावरची कॅपची कड लपत नव्हती. आता चित्रीकरण झालेले आहे, म्हणून जे हाती आहे त्यातूनच मार्ग काढायचा आहे.

रंगपेटी (नौपाडा)

समजले. मग कॅपवर क्षौराची झाक आम्ही कशी आणतो ते सांगते, त्याचा उपयोग होईल. आम्ही निळसर रंग ब्रशने पसरवत नाही, खरखरीत स्पंजने ठिपके टिपतो, कारण खुंट हे ठिपकेच असतात. जवळून ठिपके आणि लांबून झाक, असे दोन्ही दिसले पाहिजे. रंग ठरवताना त्याच माणसाची नुकती केलेली दाढी पाहतो. प्रत्येकाच्या त्वचेवर ही झाक वेगळी दिसते, सावळ्या त्वचेवर ती निळी कमी आणि करडी, कधी हिरवट असते. मात्र दाढीचे केस जाड आणि विरळ असतात, डोक्याचे बारीक आणि दाट, त्यामुळे रंग गालावरून घ्यावा, पण ठिपके त्याहून बारीक ठेवावेत.

बहुतेक जण केसांची कड सरळ रेषेत काढतात. खऱ्या कपाळावर कड कानशिलांपाशी आत जाते, मध्ये किंचित खाली येते आणि तिच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरात केस विरळ होत जातात. अभिनेत्याने केस ओले करून मागे घट्ट ओढले आणि समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढले, तर त्याची स्वतःची कड मिळेल. ती वापरा, अंदाजाने काढू नका. टाळूवरचा भोवरा विसरू नका. दृश्यात मान खाली जाते, म्हणजे तो कॅमेऱ्यासमोर येणार आणि ठिपक्यांची रांग तिथे गोल फिरताना दिसली पाहिजे.

जुना_ठाणेकर

मला तंत्रातले काही कळत नाही, पण विषय क्षौराचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे दहाव्याच्या क्षौरात दाढी-मिशाही काढतात आणि पुष्कळ घरांत टाळूच्या मागे शेंडी राखतात. तुमच्या अभिनेत्याला मिशी आहे का, आणि शेंडीचे काय ठरले आहे? टाळू कॅमेऱ्याकडे येणार असेल, तर आमच्या पिढीचे लोक पहिले तिथेच पाहतील.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

काका, मनापासून आभार. अभिनेत्याला मिशी नाही आणि मॉडेलसाठीचे चित्रण त्याने दाढी केलेल्या दिवशीच घेतले होते. कथेतील घरात शेंडी राखत नाहीत असे दिग्दर्शिकेने आधीच ठरवले होते, तरी आपली सूचना तिला कळवली आहे.

रंगपेटी ताईंच्या सूचनेप्रमाणे मी अभिनेत्याच्या गालाचे मोजमाप घेतले. दाढी नसलेल्या वरच्या गालावर लाल ०.३०, हिरवा ०.२० आणि निळा ०.१२ होता. वस्तरा फिरवलेल्या जबड्यावर तेच ०.२४, ०.१७ आणि ०.११ मिळाले. म्हणजे लाल वीस टक्क्यांनी उतरतो, हिरवा पंधराने आणि निळा फक्त आठने. मी आधी केवळ डोळ्याला बरा वाटलेला निळा रंग घेतला होता, तो या मानाने फारच निळा होता हे आता लक्षात आले.

वाशीची_वाचक

विषयाला थोडा फाटा फुटेल, पण याच प्रकारची अडचण आहे. आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेच्या भित्तिपत्रकासाठी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र तयार करीत आहे. मैत्रिणीच्या संमतीने तिचा चेहरा दुसऱ्या एका छायाचित्रातील मुंडण केलेल्या डोक्यावर बसवला आहे. माझी आई या उपचारांतून गेली आहे आणि हे चित्र पाहून ती एवढेच म्हणाली, की हे तसे दिसत नाही. त्यावर मी अशीच निळसर झाक वाढवत नेली, तरी तिचे मत बदलले नाही.

घणसोलीकर

आपल्या आईंचे म्हणणे बरोबर आहे आणि उपाय उलटा आहे. केमोथेरपीत केस मुळापासून सुटून गळतात, त्यामुळे क्षौरासारखी सलग झाक राहत नाही. त्वचा बरीच मोकळी असते. काहींनी आधीच केस काढलेले असतात, तेव्हा मधेमधे खुंटांचे तुटक पुंजके दिसतात. भुवया आणि पापण्यांचे केसही अनेकदा विरळ होतात. तुमच्या चित्रात मैत्रिणीच्या दाट भुवया तशाच असतील, तर आईंना खटकते ते बहुधा तिथे. झाक काढा, भुवया विरळ करा आणि पुन्हा त्यांनाच दाखवा. आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांची नजर जास्त खात्रीची आहे.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

चार रात्रींच्या कामानंतर लिहितो आहे. चकाकी वेगळी काढली आणि राखेचा परिणाम गेला. पहिल्यांदा मॅट त्वचा एकटी पाहिली तेव्हा डोके मातीच्या मडक्यासारखे दिसले आणि मी घाबरलो, पण वरून चकाकी मिळवताच ते पुन्हा डोके झाले.

एक घोळ झाला तो मुद्दाम नोंदवतो. कानांच्या वर आणि मागे, जिथे या कलाकाराचे खरे खुंट आहेत, तिथे सूत्राने चकाकी नसताना चकाकी दाखवली. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. खुंटांची त्वचा मुळातच निळ्याकडे झुकलेली आहे, तिथले निळ्याचे लालाशी प्रमाण ०.४ नसून ०.४६ आहे, आणि सूत्र त्या फरकालाच चकाकी समजते. मी त्या भागाचा वेगळा मास्क केला आणि तिथे ०.४६ व ०.५४ हे आकडे वापरले. त्यानंतर बाजूंची खोटी चमक गेली.

पुढचा क्रम असा ठेवला. मॅट डोके आधी फिकट केले, अभिनेत्याच्या केसांच्या कडेच्या आत साधारण बारा टक्के. मग जबड्यावरून घेतलेल्या प्रमाणांनी झाक दिली आणि बारीक ठिपके भोवऱ्याच्या दिशेने बसवले. चकाकी परत मिळवताना ती पूर्ण न घेता सत्तर टक्के घेतली आणि किंचित धूसर केली, कारण खुंट असलेली त्वचा टकलाइतकी गुळगुळीत नसते. सत्तर हा आकडा नजरेनेच ठरवला आहे. त्याला काही आधार असेल तर सांगावे.

कपाळाचा तपकिरी पट्टा मात्र अजून जात नाही. संकलक_ऐरोली यांच्या सूचनेप्रमाणे कड शंभर पिक्सेल मऊ केली, तर पट्टा फिका होतो, पण कपाळाचा तेवढा भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो.

घणसोलीकर

सत्तरला सूत्र नाही, पण एक आधार आहे. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा एक तृतीयांश. क्षौर त्याच सकाळचे असेल, तर चकाकी जवळपास पूर्ण राहते. तिसऱ्या दिवशी एक मिलिमीटर खुंट वर आलेले असतात, तेव्हा ती फुटून बारीक कणांसारखी होते. तुमचे दृश्य दहाव्याच्याच सकाळचे असेल, तर सत्तरऐवजी पंचाऐंशीच्या आसपास जावे असे मला वाटते. पुढे तेराव्याचे दृश्य असेल, तर तिथे सत्तरच्याही खाली या.

पट्ट्याचे मूळ मास्कमध्ये नाही, मॉडेलच्या शिकवणीत आहे. वीस मिनिटांच्या चित्रणात अभिनेत्याच्या केसांची सावली सतत त्याच्या कपाळाच्या वरच्या भागावर पडलेली आहे. मॉडेलने ती सावली कपाळाचाच रंग म्हणून शिकून घेतली. आता केस नाहीत, पण सावली उरली. म्हणून `XSeg` मास्क पुन्हा शिकवा आणि त्याची वरची कड केसांच्या कडेपाशी न नेता कपाळावरच्या वरच्या आठीच्या खालीच थांबवा. तिच्या वरचे कपाळ शॉटमधल्या कलाकाराचेच राहू द्या.

जोडणी मात्र एकाच मऊपणाने करू नका. रंग आणि पोत वेगळे करा. मोठा ब्लर दिलेली प्रत म्हणजे रंग आणि मूळ चित्रातून ती वजा केल्यावर उरते तो पोत. रंग शंभर पिक्सेलांत मिसळा, पोत आठ-दहा पिक्सेलांतच. दोन वेगळ्या माणसांची रंध्रे शंभर पिक्सेलभर एकमेकांवर अर्धी-अर्धी मिसळली, की दोन्ही पुसली जातात आणि मेणासारखा भाग तयार होतो. संकलक_ऐरोली यांचे शंभर पिक्सेल रंगापुरते अगदी बरोबर आहेत.

संकलक_ऐरोली

रंग आणि पोताचा मुद्दा मान्य. पण चकाकी प्लेनर ट्रॅकने चिकटवण्यात काय चूक आहे, हे कोणी सांगितले नाही. मूळ चकाकी जळलेली असेल, तर शेवटी रंगवावीच लागणार.

घणसोलीकर

रंगवायला हरकत नाही, त्वचेला चिकटवायला आहे. चकाकी त्वचेवरचा डाग नाही, ती दिव्याची प्रतिमा आहे. डोके जागच्या जागी उजवीकडे वळले, तर तीळ, ठिपके आणि भोवरा त्याच्याबरोबर वळतात, पण चकाकी जवळपास तिथेच राहते, कारण सूर्य आणि कॅमेरा हललेले नाहीत. घरी स्टीलचा गोल तांब्या खिडकीसमोर ठेवून फिरवून पाहा. तांब्यावरचे कोरलेले नाव फिरते, खिडकीची प्रतिमा फिरत नाही. गाडीच्या बॉनेटवर तुमची पद्धत चालली असेल, तर गाडी स्थिर असेल किंवा शॉट फार लहान असेल. म्हणून खुंटांचे ठिपके प्लेनर ट्रॅकने चिकटवा आणि चकाकीला डोक्याच्या मध्याची फक्त सरक द्या, वळण देऊ नका.

डोके तांब्याइतके गोल नाही एवढीच अडचण उरते. कपाळाच्या दोन उंचवट्यांवर वक्रता जास्त असते, तिथून जाताना चकाकी आक्रसते. माथ्याच्या सपाट भागावर ती लांबट पसरते. रंगवलेल्या चकाकीचा आकार दर दहा-बारा फ्रेमनी हाताने बदलावा लागेल.

संकलक_ऐरोली

तांब्या फिरवून पाहिला. म्हणणे पटले. माझा तो बॉनेटचा शॉट दीड सेकंदाचा होता.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

`XSeg` नव्याने शिकवल्यावर पट्टा गेला. चकाकीही पंचाऐंशी टक्क्यांवर आणली आहे. आता डोक्याच्या आकाराबद्दल. डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत २१२ पिक्सेल आणि त्याच रेषेपासून माथ्यापर्यंत २३६ पिक्सेल येतात. चित्रकलेच्या वर्गात डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात असे शिकवले होते. मग माथा २४ पिक्सेल खाली आणावा का?

घणसोलीकर

वर्गातला नियम सरासरी माणसाचा आहे, तुम्हाला तुमच्या अभिनेत्याची कवटी हवी आहे. त्याच्या केसांवरून ती कळणार नाही, कारण दाट केस डोक्याची उंची दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढवून दाखवतात. त्याला पोहण्याची घट्ट टोपी घालायला सांगा, लांब केस मानेवर घ्या आणि कोलशेतला जी लेन्स व कॅमेऱ्याची जी उंची होती, त्याच उंचीवरून आणि तितक्याच अंतरावरून फोटो काढा. कॅमेरा थोडा खाली गेला, तरी माथा मागे लपतो आणि माप चुकते.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

अभिनेता रविवारी प्रयोगाआधी तासभर उपवन तलावापाशी आला आणि तिथेच टोपी घालून फोटो काढले. त्याच्या बाबतीत डोळ्यांपासून माथा हा डोळ्यांपासून हनुवटीच्या १.०४ पट आहे. म्हणजे २१२ च्या मानाने माथा साधारण २२० पिक्सेलवर हवा, २३६ वर नव्हे. सोळा पिक्सेल खाली आणायचा आहे, चोवीस नाही. समोरून पाहिल्यावर कानांच्या वरची रुंदीही कलाकाराची जास्त आहे, दोन्ही बाजूंनी प्रत्येकी सहा पिक्सेलने. डोके नेमके कुठे मोठे वाटत होते, ते आता कळले.

ग्रिड वॉर्पमध्ये कान आणि भुवया पक्क्या ठेवून फक्त वरचा भाग आवळला. मागचे खाडीचे पाणी त्याबरोबर ओढले जाऊ लागले. सुदैवाने चित्रीकरणाच्या शेवटी रिकाम्या पायरीचा शॉट घेऊन ठेवला होता, तो मागे लावला. हे आवळणे ठिपके देण्याआधी केले, नाहीतर ठिपकेही माथ्याकडे दाटले असते.

रंगपेटी (नौपाडा)

नवी फ्रेम पाहिली. कानशिलाजवळ एक गोष्ट खटकते. तो आवंढा गिळतो आणि दात आवळतो तेव्हा कानशिलावरचा स्नायू फुगलेला दिसतो, कारण भादरलेल्या डोक्यावर तो झाकायला केस नाहीत. पण जबड्याची हालचाल मात्र त्या फुगण्याच्या मानाने कमी दिसते.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

ताई, हालचाल दोन्हीकडे त्याच कलाकाराची आहे, पण मॉडेलने जबड्याची हालचाल सौम्य केली असावी. ७० ते ८४ या फ्रेममध्ये तसे दिसते खरे. तिथे मास्कची खालची कड वर घेऊन जबडा कलाकाराचाच ठेवून पाहतो. मग हनुवटीचे माप बदलेल ही भीती आहे.

माझी मोठी अडचण शेवटच्या ४० फ्रेमची आहे. तो उजवीकडे वळतो आणि जवळजवळ पूर्ण बाजूने दिसतो. मॉडेलकडे त्या कोनातले चित्रण फार थोडे आहे, त्यामुळे नाक वितळल्यासारखे होते. शिवाय कपाळाची बाह्यरेषा कलाकाराची आहे. त्याचे कपाळ मागे उतरते, अभिनेत्याचे जवळपास उभे आहे.

घणसोलीकर

या ४० फ्रेमसाठी मी ब्लेंडरमध्ये अभिनेत्याच्या डोक्याचे त्रिमितीय मॉडेल बसवेन. टोपीचे फोटो आहेतच. त्यावर त्याच प्रकाशात चकाकीही खरी मिळेल आणि कपाळाची उभी रेषाही त्याचीच राहील. मेहनत आठवडाभराची आहे.

संकलक_ऐरोली

इथे माझे मत वेगळे आहे. ११० व्या फ्रेमनंतर त्याच्या नजरेसमोरचे पाणी दाखवा. प्रेक्षकाला त्या क्षणी त्याने काय पाहिले हे हवे आहे, त्याच्या कवटीची बाजू नको. जो शॉट संकलनात सुटतो त्यावर आठवडा घालवू नये.

घणसोलीकर

वळताना चेहऱ्यावर जो बदल होतो तो कापला जाईल, म्हणून मी तसे करणार नाही. पण हा निर्णय दिग्दर्शिकेचा आहे.

खाडीकाठ (ठाणे पश्चिम)

तिने दोन्ही करून दाखवा असे सांगितले आहे. आधी पाण्याचा शॉट लावून पाहतो, तो आज रात्री होईल. ब्लेंडरचे काम शनिवारी सुरू करतो. तोपर्यंत अभिनेत्याला बाजूने, त्याच सकाळच्या उन्हात, दहा मिनिटे पुन्हा चित्रित करता येते का ते विचारले आहे. पण त्या दिवसाचे ऊन तसेच मिळेल का, हे पावसाच्या ढगांवर आहे.